रनवे दहा महिने की सोळा?

प्रश्न: "आमची सहा जणांची छोटी सॉफ्टवेअर स्टार्टअप आहे. बँकेत आज ८० लाख आहेत. पुढच्या बारा महिन्यांचा ठरवलेला खर्च ९६ लाख, म्हणजे महिन्याला सरासरी ८ लाख. ग्राहकांना महिन्याला ३ लाखांची बिले जातात. मी ८० भागिले ८ करून रनवे, म्हणजे आहेत ते पैसे किती महिने पुरतील तो आकडा, १० महिने काढतो, माझा सहसंस्थापक ८० भागिले ५ करून १६ महिने सांगतो. खरा आकडा कोणता? आणि चौथ्या व सातव्या महिन्यात एकेक माणूस घ्यायचे ठरले आहे, ते घ्यायचे की थांबायचे?"

उत्तर:

तुम्ही काढलेला आकडा ग्रॉस बर्नवरचा आहे, म्हणजे ग्राहकांकडून एक पैसाही आला नाही तर किती दिवस निघतील याचा. सहसंस्थापकांचा आकडा नेट बर्नवरचा आहे, म्हणजे खर्चातून येणारा पैसा वजा केल्यावर दरमहा शिल्लक जितकी घटते त्यावरचा. दोन्ही रीती रूढ आहेत आणि तुमच्या दोघांचा भागाकारही बरोबर आहे. अडचण अशी की भागाकार करण्यापूर्वी तुम्ही दोघांनीही दोन गोष्टी न तपासता गृहीत धरल्या आहेत. पहिली ही की खात्यात दिसणारे सगळे ८० लाख खर्चायला मोकळे आहेत, आणि दुसरी ही की सगळे महिने सारखे आहेत. मी गेली काही वर्षे छोट्या कंपन्यांचे रोखीचे नियोजन बघतो. रनवेच्या आकड्यात चूक निघाली की ती जवळजवळ नेहमी या दोहोंपैकी एका ठिकाणी सापडते, भागाकारात क्वचितच.

तुमच्या ग्राहकांचा आणि देण्यांचा तपशील प्रश्नात नाही. म्हणून तुमच्याएवढ्या कंपन्यांमध्ये सहसा आढळतो तसा तपशील धरून मी पूर्ण हिशेब मांडतो. तुमचे खरे आकडे घातल्यावर उत्तर थोडे इकडेतिकडे होईल, परंतु रीत तीच राहील. सगळे आकडे लाखांत आहेत, आणि बिलावर आकारून पुढे सरकारकडे भरायचा कर त्यांतून वगळला आहे.

सुरुवात शिल्लकेपासून करू. बँकेचे स्टेटमेंट समोर घ्या आणि प्रत्येक खात्यातील रकमेला एकच प्रश्न विचारा: उद्या सकाळी पगार करायचे ठरले तर ही रक्कम वापरता येईल का? ८० पैकी ४ लाखांची मुदत ठेव एखाद्या कंत्राटासाठी दिलेल्या बँक गॅरंटीपोटी अडकलेली आहे असे धरा. ती तुमचीच आहे, तिच्यावर व्याजही मिळते, पण कंत्राट संपेपर्यंत तिला हात लावता येत नाही. आणखी ३ लाख म्हणजे ग्राहकांकडून गोळा केलेला आणि पगारांतून कापलेला, पण अद्याप न भरलेला कर. तो तुमच्या खात्यात फक्त मुक्कामाला आहे. शिवाय मागील महिन्यांची ३ लाखांची बिले पुरवठादारांनी दिलेली आहेत आणि ती चुकती व्हायची आहेत. पुढच्या बारा महिन्यांच्या खर्चाच्या यादीत ती येत नाहीत, कारण तो खर्च झालेला आहे, फक्त पैसे जायचे राहिले आहेत. या तीन रकमा वजा केल्या की हाती राहतात ७० लाख. अजून एका महिन्याचाही विचार केलेला नाही आणि शिल्लक आठव्या हिश्श्याने कमी झाली आहे.

ग्राहकांकडून आलेला आगाऊ पैसा या वजाबाकीत घ्यायचा का, हे मला अनेकदा विचारले जाते. तो परत करावा लागण्याची शक्यता कंत्राटात लिहिलेली नसेल तर तो शिल्लकेतून काढू नये, कारण तो खर्चायला खरोखरच मोकळा आहे. मात्र त्याची भरपाई दुसऱ्या बाजूला करावी लागते. त्या ग्राहकाचा पैसा पुढच्या महिन्यांच्या जमेत पुन्हा धरायचा नाही. हे वाक्य वाचताना उघड वाटते, पण मी स्वतः यात एकदा चांगलाच फसलो आहे. ज्या कंपनीचे काम बघत होतो, तिच्या दोन ग्राहकांनी एकाच तिमाहीत वर्षाचे पैसे एकदम भरले. मी त्या तिमाहीतील जमा आणि खर्च यांची सरासरी घेतली. नेट बर्न इतका कमी आला की रनवे तीन वर्षांहून जास्त दिसू लागला, आणि तो आकडा मी संचालकांच्या बैठकीत मांडलादेखील. पुढच्या तिमाहीत त्या दोघांकडून काहीच येणार नव्हते आणि शिल्लक धडाधड खाली आली, तेव्हा मला माझ्याच तक्त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले. तेव्हापासून मी एकदम आलेली वार्षिक रक्कम सरासरीत कधीच घेत नाही.

आता जमेकडे वळू. तुमच्या ३ लाखांच्या बिलांमागे चार ग्राहक आहेत असे धरू. एकाची बिले महिन्याला ०.८ लाखाची आहेत, पण त्याने वर्षाचे ९.६ लाख दोन महिन्यांपूर्वीच भरले आहेत. ते पैसे तुमच्या ८० लाखांत आहेत, त्यामुळे पुढचे दहा महिने त्याच्याकडून शून्य. दोन जुने ग्राहक मिळून १.६ लाख देतात. ते बिल मिळाल्यावर साठ दिवसांनी पैसे देतात, पण गेल्या दोन महिन्यांची बिले रांगेत असल्याने दर महिन्याला १.६ लाख येतच राहतात. चौथा ग्राहक नवा आहे. त्याचे ०.६ लाखाचे पहिले बिल येत्या महिन्यात जाईल आणि साठ दिवसांच्या उधारीमुळे पहिला पैसा तिसऱ्या महिन्यात येईल. थोडक्यात, बिले ३ लाखांची असली तरी पहिले दोन महिने जमा होणार १.६ लाख आणि तिसऱ्या महिन्यापासून २.२ लाख.

येथे उधारीबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण अनेकजण तिचा बाऊ करतात आणि काहीजण तिच्याकडे अजिबात बघत नाहीत. बिले दर महिन्याला सारखी असतील आणि ग्राहक ठरल्या वेळेस पैसे देत असतील, तर साठ दिवसांच्या उधारीने महिन्याच्या जमेत काही फरक पडत नाही. आज गेलेल्या बिलाचे पैसे नंतर येतात आणि त्याऐवजी आज दोन महिन्यांपूर्वीच्या बिलाचे येतात. विक्री वाढत असताना मात्र तीच उधारी जाणवते, कारण वाढीव काम करण्यासाठी पगार आज जातो आणि वाढीव पैसा दोन महिन्यांनी येतो. वेगाने वाढणाऱ्या कंपनीचा नफ्या-तोट्याचा तक्ता सुधारत असतो आणि बँकेतील शिल्लक त्याच वेळी अधिक वेगाने घटत असते, याचे एक मोठे कारण हेच आहे.

खर्चाच्या बाजूला ९६ लाख ही बेरीज ठीक आहे, पण ती महिन्यांवर सारखी वाटलेली नाही. सध्याचे पगार ४.५ लाख आहेत, चौथ्या महिन्यात एक माणूस आल्यावर ५.५ आणि सातव्या महिन्यात दुसरा आल्यावर ६.५ लाख होतील. भाडे, सर्व्हर आणि किरकोळ खर्च मिळून दर महिन्याला १.५ लाख. यांखेरीज एकदाच जाणाऱ्या तीन रकमा आहेत. चौथ्या महिन्यात नव्या माणसांसाठी लॅपटॉप व बसण्याची सोय यांचे २ लाख, सहाव्या महिन्यात विमा आणि सॉफ्टवेअर परवान्यांचे वार्षिक ४ लाख, आणि दहाव्या महिन्यात लेखापरीक्षण व कायदेशीर कामाचे ३ लाख. बेरीज करून बघा, ती ९६ लाखच येते. सरासरी ८ लाख हा आकडा त्यामुळे खोटा नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत खर्चाचा आकडा नेमका ८ लाख असलेला महिना एकही नाही.

हे सगळे महिनावार मांडले की तक्ता असा दिसतो. सुरुवातीची मोकळी शिल्लक ७० लाख.

| महिना | जमा | खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १.६ | ६.० | ६५.६ |
| २ | १.६ | ६.० | ६१.२ |
| ३ | २.२ | ६.० | ५७.४ |
| ४ | २.२ | ९.० | ५०.६ |
| ५ | २.२ | ७.० | ४५.८ |
| ६ | २.२ | ११.० | ३७.० |
| ७ | २.२ | ८.० | ३१.२ |
| ८ | २.२ | ८.० | २५.४ |
| ९ | २.२ | ८.० | १९.६ |
| १० | २.२ | ११.० | १०.८ |
| ११ | २.२ | ८.० | ५.० |
| १२ | २.२ | ८.० | उणे ०.८ |

म्हणजे पैसे पूर्ण अकरा महिने पुरतात आणि बाराव्या महिन्यात संपतात. तुमचा १० महिन्यांचा अंदाज याच्या जवळ आला, परंतु तो योगायोग आहे. तुम्ही शिल्लक १० लाखांनी जास्त धरली आणि येणारे पैसे अजिबात धरले नाहीत, आणि या दोन चुकांनी एकमेकींना बऱ्याच अंशी झाकले. सहसंस्थापकांच्या १६ महिन्यांकडे मात्र जरा थांबून बघा. पहिल्या महिन्याचा नेट बर्न ६.० वजा १.६ म्हणजे ४.४ लाख आहे, आणि ७० भागिले ४.४ केले तर उत्तर १५.९ येते. मोकळी शिल्लक नीट काढली आणि चालू महिन्याचा खरा बर्न घेतला, तरी उत्तर पुन्हा १६ च्या आसपासच येते. चालू बर्नने भागण्याच्या पद्धतीतला धोका तो हाच. सातव्या महिन्यापासून तुमचा नेमाने होणारा बर्न ५.८ लाख होणार आहे आणि हे तुम्हाला आजच ठाऊक आहे, कारण ती माणसे घ्यायचे तुम्हीच ठरवले आहे. मागच्या महिन्यांची सरासरी ही माहिती बघूच शकत नाही. जी कंपनी पुढे माणसे घेणार नाही, किमती बदलणार नाही आणि जिचे वार्षिक खर्च नगण्य आहेत, तिच्यासाठी मागील तीन महिन्यांची सरासरी पुरते. तुमची कंपनी तशी नाही.

हा तक्ता कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत होतो. A मध्ये महिना, B मध्ये आरंभीची शिल्लक, C मध्ये जमा, D मध्ये खर्च आणि E मध्ये अखेरची शिल्लक ठेवा. पहिल्या महिन्याची ओळ दुसरी धरली तर सूत्रे अशी होतील:

```
E2: =B2+C2-D2
B3: =E2
G1: =COUNTIF(E2:E25,">=0")
```

पहिली दोन सूत्रे खालपर्यंत ओढून घ्या आणि चोवीस ओळींतील जमा व खर्च भरा. शेवटचे सूत्र शिल्लक शून्याच्या वर असलेले महिने मोजते. शिल्लक एकदा शून्याखाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर ते सूत्र फसवे उत्तर देईल, म्हणून E चा स्तंभ डोळ्यांखालून घालायचा कंटाळा करू नका. C आणि D मध्ये बेरीज टाइप करू नका. प्रत्येक ग्राहकासाठी आणि प्रत्येक खर्चासाठी वेगळी ओळ असलेले दुसरे पान करून बेरीज तेथून आणा, म्हणजे एखादे गृहीतक बदलले तर नेमके काय बदलले ते कळते. या पानावर घसारा लिहायचा नाही, कारण त्यात पैसे हलत नाहीत. कर्ज असेल तर त्याच्या मुद्दलाचा हप्ता मात्र लिहायचाच, जरी तो नफ्या-तोट्याच्या पत्रकात खर्च म्हणून दिसत नसला तरी. लेखापालाकडून आलेले पत्रक जसेच्या तसे इथे उतरवणाऱ्यांच्या हातून हे दोन्ही सुटतात.

तक्ता अकरा महिने सांगत असला, तरी मी तुम्हाला अकरा हा आकडा वापरू देणार नाही. शिल्लक शून्यावर येईपर्यंत कंपनी चालवता येत नाही. उद्या दुकान आवरायचे झाले तरी आठ माणसांना एका महिन्याचा सूचनाकाळाचा पगार द्यावा लागेल, म्हणजे ६.५ लाख. जागा आणि सर्व्हर लगेच सुटत नाहीत, त्यांचा एक महिना म्हणजे १.५ लाख. शिल्लक रजांचे पैसे, शेवटची विवरणपत्रे आणि हिशेब बंद करण्याचे शुल्क मिळून २ लाख धरू. ही झाली १० लाखांची तळरेषा. सूचनाकाळ आणि देणी कंत्राटांवर आणि स्थानिक कायद्यांवर अवलंबून असल्याने तुमची तळरेषा वेगळी येईल, पण ती शून्य येणार नाही हे निश्चित. आता तक्त्यात बघा. दहाव्या महिन्याच्या अखेरीस १०.८ लाख आहेत आणि अकराव्याच्या अखेरीस ५.०. म्हणून माझ्या लेखी तुमचा रनवे दहा महिन्यांचा आहे. स्प्रेडशीटमध्ये G1 मधील शून्याच्या जागी १० टाका, की हेच उत्तर मिळेल.

दहा हा आकडा किती पक्का आहे, हे दोन बदल करून तपासू. वार्षिक पैसे भरणाऱ्या ग्राहकाने अकराव्या महिन्यात नूतनीकरण केले, तर ९.६ लाख एकदम येतात. अकराव्या महिन्याची अखेर १४.६ वर होते, बाराव्याची ८.८ वर, आणि रनवे अकरा महिने होतो. उलट जुन्या दोन ग्राहकांपैकी महिन्याला १ लाख देणारा मोठा ग्राहक चौथ्या महिन्यापासून पैसे द्यायचा थांबला, तर नवव्या महिन्याची अखेर १३.६ आणि दहाव्याची ३.८ होते, म्हणजे रनवे नऊ महिने. या मांडणीत सगळ्यांत मोठा ग्राहक गेल्याने एकच महिना कमी झाला. तुमचे प्रमाण हेच असेल, तर ग्राहक टिकेल की नाही या चिंतेपेक्षा खर्चाच्या वेळापत्रकाकडे आधी लक्ष द्यायला हवे. जिथे एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून अधिक खर्च भागतो, तिथे मी बरोबर उलट सांगेन. अगदी टोकाची, म्हणजे काहीच जमा न होण्याची स्थिती धरली, तर सातव्या महिन्याच्या अखेरीस १७ लाख आणि आठव्याच्या अखेरीस ९ लाख राहतात, आणि तळरेषेपर्यंतचा रनवे सात महिने येतो. तुमच्या ग्रॉस बर्नच्या हिशेबाचा खरा उपयोग अशी टोकाची स्थिती मोजण्यासाठी आहे, रोजच्या निर्णयासाठी नाही.

यापुढे नवी गुंतवणूक धरू नका, मग बोलणी कितीही पुढे गेलेली असोत. मंजूर झालेले अनुदान, तोंडी होकार, सह्या झालेला प्राथमिक करार यांपैकी काहीही C च्या स्तंभात येत नाही. पैसे खात्यात जमा झाले की त्या दिवशी शिल्लक वाढवायची. तसेच मागच्या महिन्यांचा बर्न स्टेटमेंटवरून काढताना मध्येच गुंतवणूकदाराचे किंवा कर्जाचे पैसे आले असतील, तर ते बाजूला काढूनच आरंभीची आणि अखेरची शिल्लक यांतील फरक घ्यायचा. नाहीतर ज्या महिन्यात पैसे उभे केले, त्या महिन्यात बर्न उणे दिसतो आणि ती वजावट सरासरीत शिरून बसते.

आता नव्या माणसांचा प्रश्न, जो मला तुमच्या प्रश्नातला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो. रनवे दहा महिने आहे म्हणून दहाव्या महिन्यापर्यंत निर्णय लांबवता येत नाही. पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात येईपर्यंत मी सहा महिने धरतो. काहींना ते तीन महिन्यांत मिळतात, काहींना वर्ष लागते आणि काहींना मिळतच नाहीत, त्यामुळे सहा हा माझा नियोजनाचा आकडा आहे, नियम नाही. दहामधून सहा वजा केले की उरतात चार. म्हणजे चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पैसे उभारण्याच्या भेटी सुरू झालेल्या हव्यात, किंवा पैसे उभारायचे नाहीत असे ठरवून खर्च बदललेला हवा. आणि नेमक्या त्याच महिन्यात तुमचा पहिला माणूस रुजू होतो आणि लॅपटॉपचे २ लाख जातात. बर्न वाढवण्याची तारीख आणि बर्नचा फेरविचार करण्याची तारीख एकच आली आहे. वार्षिक बेरीज बघून हे दिसत नाही, महिनावार तक्त्यात लगेच दिसते.

दोन्ही माणसे आणि त्यांचे साहित्य पुढे ढकलले तर काय होते ते बघा. सहाव्या महिन्याची अखेर ३७ ऐवजी ४२ वर होते आणि त्यानंतरचा नेमाचा बर्न ५.८ ऐवजी ३.८ लाख राहतो. माणसे सहाच राहिल्याने तळरेषाही ८ लाखांवर येते. या हिशेबाने चौदाव्या महिन्याच्या अखेरीस ८.६ लाख राहतात आणि पंधराव्याच्या अखेरीस ४.८. म्हणजे रनवे चौदा महिने, आणि भेटी सुरू करण्याची मुदत चौथ्यावरून आठव्या महिन्यावर जाते. याउलट पहिला माणूस घेतला आणि फक्त दुसऱ्याला थांबवले, तर अकराव्या महिन्याच्या अखेरीस १०.० लाख राहतात. एका माणसाला थांबवून मिळाला जेमतेम एक महिना, दोघांना थांबवून मिळाले चार. लवकर सुरू होणारा खर्च थांबवल्याने प्रत्येक पुढच्या महिन्यात बचत होते आणि उशिरा सुरू होणारा थांबवल्याने थोड्याच महिन्यांत, म्हणून हा फरक पडतो.

याचा अर्थ माणसे घेऊच नका असा नाही. पहिला माणूस विक्रीसाठी असेल, तर त्याच्या पैशांचा प्रवास तारखांनिशी मांडा. तो चौथ्या महिन्यात आला, तीन महिने उत्पादन शिकण्यात गेले, पहिली विक्री व्हायला दोन महिने लागले, नवव्या महिन्यात बिल गेले आणि साठ दिवसांच्या उधारीने अकराव्या महिन्यात पैसे आले. तोवर तुम्ही तळरेषेच्या खाली गेलेले असाल. हाच माणूस पहिल्या महिन्यातच आला, तर तीच साखळी आठव्या महिन्यात पैसे आणते. तेव्हा विक्रीचा माणूस आत्ताच घ्या किंवा पुढील पैसे येईपर्यंत घेऊ नका, चौथा महिना ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट वेळ आहे. तो माणूस तांत्रिक असेल आणि तो नसल्याने नव्या ग्राहकाचे काम अडणार असेल, तर त्याच्या पगाराची तुलना त्या ग्राहकाच्या ०.६ लाखाशी करा. महिन्याला १ लाखाचा माणूस केवळ तेवढ्यासाठी परवडत नाही, आणखी एखादे सह्या झालेले काम समोर असेल तर परवडेल. दुसऱ्या माणसाला मात्र मी आजच्या माहितीवर थांबवेन.

शेवटची गोष्ट देखभालीची. दर महिन्याच्या पाच तारखेला मागील महिन्याची स्टेटमेंटवरील खरी शिल्लक घ्या, अडकलेल्या रकमा वजा करा आणि तक्त्यातील आकड्याशेजारी लिहा. फरक अर्ध्या लाखाच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर तो कोणत्या ओळीतून आला ते शोधल्याशिवाय पुढचे महिने बदलू नका. ग्राहकाने पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले असतील तर ती फक्त वेळेची चूक आहे आणि ती आपोआप भरून निघते. सर्व्हरचे बिल वाढलेले असेल तर मात्र ती वाढ पुढील प्रत्येक ओळीत घालावी लागते. पहिले दोनतीन महिने हे फरक मोठे निघतील. तुमच्या दोघांच्या आकड्यांमधील वाद तेवढ्या काळासाठी बाजूला ठेवून E चा स्तंभ दोघांनी मिळून भरा, आणि चौथ्या महिन्याची ओळ भरण्याच्या आधी त्या माणसाला नेमणूकपत्र देऊ नका.